घरी सांगून ठेवलंय

मागच्या पावसाळ्यात कराडजवळच्या एका महाविद्यालयाने राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलामुलींकडून अवयवदानाच्या घोषणा लिहून घेतल्या आणि त्यांतल्या चार-पाच निवडायला मला बोलावलं. निमित्त 3 ऑगस्टचं होतं. 1994 साली याच तारखेला दिल्लीच्या ‘एम्स’मध्ये डॉ. पी. वेणुगोपाल यांच्या पथकाने देशातलं पहिलं यशस्वी हृदयप्रत्यारोपण केलं, म्हणून 2023पासून भारतीय अवयवदान दिवस या तारखेला पाळतात. त्याआधी तो 27 नोव्हेंबरला असायचा. निवडलेल्या घोषणा सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या भिंतींवर रंगवायच्या, शिबिराच्या टेबलामागे लावायच्या आणि एखाद्या रुग्णालयाने मागितल्या तर त्यांनाही द्यायच्या, असा बेत होता.

ढिगात सगळ्यात जास्त वेळा आलेली घोषणा एकच होती. समर्थांच्या नावाने सर्वांना पाठ असलेल्या ओळीतली ‘कीर्ती’ काढून तिथे ‘अवयव’ घातलेली. ही घोषणा सबंध महाराष्ट्रात चालते, आणि सज्जनगड ज्या जिल्ह्यात आहे तिथल्या पोरांना ती आधी सुचावी यात नवल नाही. छंद आयता, कानाला ओळखीचा, आजीलाही लगेच कळणारा. मी ते सगळे कागद एका बाजूला काढून ठेवले, तेव्हा शेजारी बसलेले प्राध्यापक थोडे दुखावले. “का हो सर, समर्थ नकोत?”

समर्थांबद्दल काहीच म्हणणं नव्हतं. अडत होतं ते पहिल्या शब्दाशी. त्या शब्दात मरायला सांगितलेलं आहे. मूळ उपदेश धडधाकट माणसाला उद्देशून आहे आणि त्याचा सगळा जोर कीर्तीवर आहे, म्हणून तिथे तो शब्द खटकत नाही. आता तीच ओळ अतिदक्षता विभागाबाहेरच्या भिंतीवर कल्पून पाहा. समोरच्या बाकड्यावर एक बाप बसलाय, त्याचा मुलगा आत व्हेंटिलेटरवर आहे, आणि डोळे वर केले की पहिला शब्द दिसतो तो ‘मरावे’.

प्राध्यापक म्हणाले, “आपण भिंतींसाठी लिहितोय, दवाखान्यासाठी नाही.” माझं म्हणणं असं की अवयवदानाची घोषणा नेहमी दोनदा वाचली जाते. एकदा शिबिरात, हसतखेळत, फॉर्म भरताना. दुसऱ्यांदा, कधी काळी वेळ आलीच तर, फॉर्म भरणाऱ्याच्या घरच्यांकडून, आणि तेव्हा ती भिंतीवर नसते, डोक्यात असते. या दुसऱ्या वाचनाला जी टिकत नाही ती पहिल्या वाचनाला कितीही टाळ्या घेवो, कामाची नाही.

हे असं का, ते कायद्यात पाहिलं की उमगतं. आपल्याकडचा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा 1994चा. 2011मध्ये त्यात दुरुस्ती झाली आणि 2014मध्ये नवे नियम आले. शिबिरात जो फॉर्म भरतात तो या नियमांतला नमुना 7. अठरा वर्षं पूर्ण झालेला कोणीही तो भरू शकतो, आणि त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. त्यातला निदान एक साक्षीदार जवळचा नातेवाईक असावा लागतो. एवढं करूनही तो फॉर्म म्हणजे आपल्या इच्छेची लेखी नोंद असते. माणूस गेल्यावर डॉक्टर येऊन घरच्यांशी बोलतात आणि त्यांच्या संमतीचा नमुना 8 वेगळा भरून घेतात. कायद्याचे शब्द पाहिले तर मृताच्या लेखी इच्छेला मोठा मान आहे. पण प्रत्यक्षात घरच्यांनी ‘नाही’ म्हटलं की कुठलंही रुग्णालय पुढे जात नाही, आणि जाऊही नये. पाकिटातलं कार्ड कितीही चकचकीत असलं तरी त्या रात्री उत्तर द्यायचं असतं ते बायकोला, आईला, थोरल्या भावाला.

आणि ते उत्तर द्यायचा क्षण विचित्र असतो. मरणोत्तर दानात मूत्रपिंडं, यकृत, हृदय हे अवयव बहुतेक वेळा मेंदूमृत घोषित झालेल्या रुग्णाकडूनच मिळतात, आणि तो रुग्ण रुग्णालयात, व्हेंटिलेटरवर असतो. खंबाटकी घाटात दुचाकीवरून पडून डोक्याला मार लागलेला तरुण असेल, नाहीतर तासगावकडची रक्तदाब वाढून मेंदूत रक्तस्राव झालेली बाई असेल. मेंदूचा बुंधा, म्हणजे मस्तिष्कस्तंभ, कायमचा निकामी झाला की श्वास घेण्याचा आदेशच येईनासा होतो. पण हृदयाला ठोके द्यायला मेंदूचा हुकूम लागत नाही. त्याची वीज त्याच्यातच तयार होते. यंत्र फुप्फुसात हवा भरत राहिलं की ते काही काळ चालत राहतं. त्यामुळे हात लावला तर अंग ऊबदार लागतं, छाती वरखाली होते, पडद्यावर रेघ उमटत असते. डॉक्टर सांगतात, गेले. बाहेर मावशी म्हणतात, “असं कसं, अजून छाती हलतीया की!” मावशींचं चुकत नाही. मरण म्हणून त्यांनी आयुष्यभर जे पाहिलं त्यातलं एकही लक्षण इथे दिसत नसतं.

म्हणून ही घोषणा करायला कायद्याने चार डॉक्टर लागतात, आणि त्यात अवयव बसवणाऱ्या पथकातला कोणीही नसतो. डोळ्यांत प्रकाश टाकून बाहुली आकसते का पाहतात, बुबुळाला कापसाचं टोक लावून पापणी मिटते का पाहतात, कानात बर्फाचं पाणी सोडून डोळे हलतात का पाहतात, घशात नळी हलवून ठसका येतो का पाहतात. शेवटी प्राणवायू चालू ठेवून यंत्राने श्वास देणं थांबवतात आणि रक्तातला कार्बन डायॉक्साइड ठरलेल्या पातळीपर्यंत वाढू देतात. एवढा वाढला की जिवंत मेंदू श्वास घेतल्याशिवाय राहत नाही. तरीही छाती हलली नाही, तर पुन्हा निदान सहा तास थांबून सगळ्या तपासण्या दुसऱ्यांदा करतात. कोमातल्या माणसात यांतलं काही ना काही शाबूत असतं. इथे काहीच नसतं, दोन्ही वेळा.

हा एवढा पसारा सांगितला, कारण निम्म्याहून अधिक घोषणा इथेच ठेचकाळल्या. एका मुलाने लिहिलं होतं, ‘जगत असतानाच दान करू, अमर होऊ.’ त्याला म्हणायचं होतं, जगत असतानाच ठरवू. पण वाचणाऱ्या घराला आधीच जी भीती असते, की माणसात जीव असतानाच अवयव काढून घेतील, तिच्यावर या घोषणेने शिक्कामोर्तब होतं. दधीची ऋषींच्या पाच-सहा घोषणा होत्या. देहदानाच्या क्षेत्रात ते नाव प्रिय आहे. पण दधीचींची कथा आठवा: त्यांनी हाडं देण्यासाठी आपण होऊन प्राण सोडला. मरणाची तपासणी चार डॉक्टर दोनदा करतात हे पटवून द्यायच्या जागी आपण, देण्यासाठी प्राण सोडणाऱ्याचं उदाहरण देतो. शिवाय दधीची म्हटलं की देहदान मनात येतं, आणि ते प्रकरणच निराळं. देहदान वैद्यकीय महाविद्यालयातल्या मुलांच्या अभ्यासासाठी असतं, त्याचा कायदा 1949चा वेगळा आहे, आणि डोळ्यांखेरीज इतर अवयव काढून घेतलेला देह महाविद्यालयं सहसा स्वीकारत नाहीत. नेत्रदान तिसरंच. ते घरी, नैसर्गिक मृत्यूनंतरही होतं, फक्त साधारण सहा तासांच्या आत नेत्रपेढीला कळवायला हवं. तिन्ही एका घोषणेत कोंबली की लोक फॉर्म एकाचा भरतात आणि अपेक्षा दुसऱ्याची ठेवतात.

आणखी एक मोठा गठ्ठा होता राखेच्या घोषणांचा. ‘जाळून राख कशाला, कुणाला तरी द्या’ या धाटणीच्या. मुलांचा हेतू वाईट नसतो, त्यांना यात हिशेब दिसतो: वाया जाणारी वस्तू कामी लावायची. पण ज्या घरात अजून दिवा लावायचा आहे, दहावा व्हायचा आहे, त्या घराला आपण सांगतोय की तुमच्या संस्कारांना आम्ही कचऱ्याची विल्हेवाट समजतो. आणि सांगली जिल्ह्यात ही घोषणा नुसती बोचरी नाही, चुकीचीही आहे. इथे लिंगायत समाज मोठा, त्यांच्यात दफन. मिरजेत मीरासाहेबांच्या दर्ग्याभोवतीची मुसलमान वस्ती जुनी, तिथेही दफन. राख म्हटल्यावर ही माणसं समजतात की हे आपल्यासाठी लिहिलेलंच नाही. मिरजेत तर उपचाराला कर्नाटकातून माणसं येतात. विल्यम वॉन्लेस यांनी 1894मध्ये तिथे मिशन हॉस्पिटल काढलं, तेव्हापासून ते दवाखान्यांचं गाव आहे. तिथली भिंत फक्त मराठी हिंदू वाचत नाही.

घरच्यांना खरोखर जे हवं असतं ते याच्या उलट: शरीर नीट परत मिळेल का? मिळतं. अवयव शस्त्रक्रियागृहात, रीतसर शस्त्रक्रिया करून घेतात, टाके घालतात, कपडे घातल्यावर अंत्यदर्शनाला काही वेगळं दिसत नाही. अपघात असेल तर शवविच्छेदन तसंही कायद्याने व्हायचंच असतं. मेंदूमृत्यू घोषित झाल्यानंतर दात्याची देखभाल, शस्त्रक्रिया, अवयवांची ने-आण, यातला कुठलाही खर्च घरच्यांवर पडत नाही, असा नियम आहे. हे माहितीपत्रकात, साध्या अक्षरात लिहावं. घोषणेत बसवायला गेलं की दुकानाच्या जाहिरातीसारखं दिसतं.

मग आठांची गोष्ट. ‘एक दाता, आठ जीव’ हे इतकं रुळलंय की त्याच्यावर बोट ठेवणं म्हणजे पाप. पण आठ होतात कसे ते मोजून पाहू. हृदय एक, फुप्फुसं दोन, मूत्रपिंडं दोन, स्वादुपिंड एक, हे सहा झाले. यकृत दोन भाग करून दोघांना दिलं तर आठ. प्रत्यक्षात दोन्ही फुप्फुसं बहुधा एकाच रुग्णाला बसवतात, यकृताचे दोन भाग क्वचित करतात, आणि स्वादुपिंड पुष्कळदा मूत्रपिंडासोबत त्याच रुग्णाला जातं. दाता पासष्टीचा असेल, अनेक दिवस औषधांवर असेल, तर दोन मूत्रपिंडं आणि यकृत एवढंच उपयोगी पडतं, कधी तेही नाही.

सांगलीच्या बाबतीत त्यात रस्त्याची भर पडते. सातारा आणि सांगली दोन्ही जिल्हे अवयववाटपासाठी पुण्याच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राच्या कक्षेत येतात. हृदय शरीराबाहेर साधारण चार तास टिकतं, पण हे चार तास गाडीत बसल्यापासून मोजायचे नाहीत. दात्याच्या हृदयाचा रक्तपुरवठा बंद केला तिथे घड्याळ सुरू होतं, आणि घेणाऱ्याच्या छातीत त्यातून पुन्हा रक्त वाहू लागलं तिथे थांबतं. बसवून टाके घालायलाच तासभर जातो. म्हणजे हातात उरले तीन. सांगली ते पुणे सव्वादोनशे किलोमीटरच्या पुढे, एरवी चार तासांची वाट. म्हणून पोलिसांनी चौक मोकळे ठेवून ‘ग्रीन कॉरिडॉर’ करायचा, किंवा कोल्हापूरला जाऊन उजळाईवाडीच्या विमानतळावरून उडायचं. साताऱ्याहून पुणे एकशे दहा किलोमीटर, तिथे एवढी ओढाताण नाही. यकृत दहा-बारा तास धरतं, मूत्रपिंडं चोवीस तास आणि क्वचित त्याहूनही जास्त, त्यामुळे त्यांना रस्ता पुरतो.

आता ज्या घराने होकार दिला आणि ज्यांच्या माणसाची फक्त दोन मूत्रपिंडं कुणाच्या कामी आली, त्यांनी येता-जाता भिंतीवर ‘आठ’ वाचायचं. आपलं कमी पडलं असं त्यांना वाटायला नको. आकडा हवाच असेल तर एकच पुरे. ‘कुणाच्या तरी घरी पुन्हा ताटं वाढली जातील’ असं एका मुलीने लिहिलं होतं. त्यात आकडा नाही, आणि डायलिसिससाठी आठवड्यातून दोनदा-तीनदा दवाखान्यात बसणाऱ्या माणसाच्या घरात काय बिघडलेलं असतं ते तिला ठाऊक असावं. ती निवडली.

‘अमर’ शब्दाबद्दल मात्र माझं मन दुभंगलेलं आहे. ‘त्याचं हृदय अजून धडधडतंय’ हा विचार काही आयांना खरोखर आधार देतो, तो हिरावून घेणारा मी कोण? पण आपल्याकडे घेणाऱ्याचं नाव दात्याच्या घराला सांगत नाहीत, आणि दात्याचं घेणाऱ्याला. घोषणेने ‘तुमचा मुलगा जगेल’ असं म्हटलं की पुढचा प्रश्न येणारच: कुठे? त्याचं उत्तर देणारा कोणी नसतो. आणि बसवलेला अवयवही कायमचा टिकेल अशी खात्री नसते. तो काही वर्षांनी थांबला तर काय, मुलगा दुसऱ्यांदा गेला? आईने स्वतःच्या मनात जे मानलं ते तिचं. आपण भिंतीवर ते वचन म्हणून लिहू नये.

इथवर आलो तेव्हा प्राध्यापक म्हणाले, “सर, आता काय नको ते कळलं. पाहिजे काय?”

माझं उत्तर सापडलं ते एका परक्या प्रयोगात आणि एका घरच्या शब्दात. प्रयोग ब्रिटनमधला, 2013चा. तिथे गाडीचा कर किंवा परवान्याचं काम ऑनलाइन संपलं की शेवटच्या पानावर अवयवदात्यांच्या यादीत नाव घालण्याची विनंती येत असे. सरकारच्या वर्तनशास्त्र गटाने त्या पानाच्या आठ आवृत्त्या केल्या आणि दहा लाखांहून जास्त लोकांना त्यांतली कुठलीतरी एक दाखवली. कुणाला सांगितलं, रोज हजारो लोक नाव घालतात. कुणाला सांगितलं, अवयवांअभावी दिवसाला तीन माणसं जातात. कुणाला नुसती साधी विनंती. सगळ्यांत वरचढ ठरला तो एक प्रश्न: तुम्हाला अवयवाची गरज पडली तर तुम्ही घ्याल का? मग इतरांनाही मदत करा. साध्या विनंतीवर शंभरात दोन-सव्वादोन लोक नाव घालत, या प्रश्नावर तीनच्या वर गेले. फरक लहान दिसतो, पण वर्षभराचा हिशेब मांडल्यावर तो सुमारे 96,000 जादा नोंदणींचा निघाला. आणि हसऱ्या अनोळखी माणसांच्या घोळक्याचा फोटो घातलेलं पान साध्या विनंतीपेक्षाही मागे पडलं. आपल्याकडच्या फ्लेक्सवाल्यांनी हे वाचायला हवं.

घरचा शब्द ‘पैरा’. एकाच बैलाचा धनी शेजाऱ्याच्या बैलाशी जोडी जुळवतो, आज तुझं रान, उद्या माझं. ट्रॅक्टर आले, बैल गेले, तरी भांगलणीला आणि लावणीला एकमेकांकडे जाणं आमच्याकडे अजून संपलेलं नाही. पैऱ्यात कोणी दाता नसतो आणि कोणी याचक नसतो. ‘दान’ या शब्दात ती अडचण आहे: देणाऱ्याचा हात वर, घेणाऱ्याचा खाली. सत्यनारायणाला, ग्रहणाला, पर्वणीला आपण जे देतो ते दान, त्यात पुण्य देणाऱ्याच्या पदरात. अवयवदान हे नाव आता बदलणार नाही आणि बदलायला जाऊही नये. पण त्याच्या शेजारी जे शब्द लिहू त्यात पुण्याची लालूच आणि उपकाराचा ताठा नको. पैऱ्याची वृत्ती आणता येते. फॉर्म भरल्याने प्रतीक्षायादीत पुढचा नंबर मिळतो असा समज मात्र होऊ द्यायचा नाही, तसं काही होत नाही.

म्हणून टेबलामागच्या फलकासाठी लिहिलं: ‘लागलं तर आपणही घेऊच ना? मग द्यायचंही ठरवू या.’ यात ‘तुम्ही’ नाही, ‘आपण’ आहे, त्यामुळे कोणी कोणाला उपदेश करत नाही. आज्ञार्थ टाळला की मराठी घोषणेचा आवाज लगेच खाली येतो. साताऱ्यात याचा सगळ्यांत चांगला नमुना डोळ्यांसमोरच आहे. रयत शिक्षण संस्थेचं ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’. कर्मवीरांच्या संस्थेने ‘शिका’, ‘उठा’, ‘जागे व्हा’ असं काही म्हटलेलं नाही. आम्ही काय करतो ते सांगितलं आणि थांबले. ‘ब्रीद’ म्हणजे तेच, स्वतःबद्दल बोलणं. फॉर्म भरणाऱ्यानेही स्वतःबद्दलच बोलावं.

यावरून भिंतीची घोषणा निघाली. आधी मी एक लांब वाक्य केलं होतं: ‘माझ्यानंतर माझ्या माणसांना विचारतील, तेव्हा माझं उत्तर त्यांना माहीत असेल.’ मला ते आवडलं होतं, अजूनही आवडतं. पेंटरमामांनी ते वाचलं, भिंतीकडे पाहिलं आणि म्हणाले, “सर, पाच शब्दांच्या वर गेलं की अक्षर बारीक करावं लागतंय. एसटीतनं वाचता येत न्हाई.” त्यांनी असंही सांगितलं की लाल रंग नको, लोक रक्तदान समजतात. दोन्ही गोष्टी मला कोणत्याही पुस्तकात मिळाल्या नसत्या. पाच शब्दांत बसवलं ते असं: ‘अवयवदान ठरवलंय. घरी सांगून ठेवलंय.’ खाली लहान अक्षरात राष्ट्रीय केंद्राचा विनामूल्य क्रमांक, 1800 11 4770, आणि ऑनलाइन नोंदणीसाठी notto.abdm.gov.in. ‘सांगून ठेवणं’ हे क्रियापद मुद्दाम. आपण दूधवाल्याला, शेजाऱ्याला, वाण्याला सांगून ठेवतो. आपण नसताना काम अडू नये म्हणून सांगून ठेवतो. त्यात मरण हा शब्द नाही, तरी कशाबद्दल बोलणं चाललंय ते समजतं.

घोषणा ठरवण्याआधी एक चाचणी घेतली. ती सोपी आहे आणि कोणीही घेऊ शकतं. ओळ वाचून दाखवायची आणि ‘आवडली का?’ असं विचारायचं नाही. ‘यात तुम्हाला काय करायला सांगितलंय?’ एवढंच विचारायचं. कँटीनमधल्या मावशींना मुलांची एक बक्षीसपात्र घोषणा वाचून दाखवली. ‘देह नश्वर, अवयव ईश्वर’ अशी काहीतरी. मावशी म्हणाल्या, “देवाचं काहीतरी हाय.” मग ‘घरी सांगून ठेवलंय’ वाचली. त्या म्हणाल्या, “म्हंजे पोरांला सांगायचं, असं झालं तर असं करा.” मला आणखी काही नको होतं.

रुग्णालयासाठी मागणी आली तेव्हा घोषणा द्यायची नाही असं मी सुचवलं. 2011च्या दुरुस्तीनंतर अतिदक्षता विभागातल्या डॉक्टरांनी अशा वेळी घरच्यांना अवयवदानाबद्दल विचारणं हे कायद्यानेच कर्तव्य ठरवलं आहे. विचारणारा माणूस तिथे असतो. मग भिंतीने आधीच आरडाओरडा कशाला करायचा? जाणती माणसं दोन गोष्टी वेगळ्या ठेवतात: माणूस गेला ही बातमी आधी, ती घरच्यांना समजली आहे याची खात्री झाल्यावरच प्रश्न. भिंतीवर प्रश्न आधीच लिहिलेला असेल तर हा क्रम मोडतो, आणि बाकड्यावरच्या माणसाला वाटतं की हे लोक आपल्या मुलाला वाचवायचं सोडून याच्याच वाटेला डोळे लावून बसलेत. तिथे लावायचंच तर एवढं: ‘जे विचारायचंय ते विचारा. हवा तेवढा वेळ घ्या.’ यात अवयवदानाचं नावही नाही. तरी त्या कामाला याहून मोठी मदत मला सुचत नाही.

कँपच्या दिवशी आणखी एक बदल प्राध्यापकांनी आपण होऊन केला, आणि तो माझ्या सगळ्या ओळींहून चांगला निघाला. टेबलावर फॉर्म भरून घ्यायचा नाही, हातात द्यायचा, घरी न्यायला सांगायचा. एक सही जवळच्या नातेवाइकाचीच लागते, मग मित्राकडून दोन सह्या घेऊन पेटीत टाकण्यात काय अर्थ? त्यामुळे त्या दिवशी पेटी जवळजवळ रिकामी राहिली. फोटो काढायला आलेल्यांचा थोडा विरस झाला.

पुढच्या पंधरवड्यात फॉर्म सावकाश परत येत राहिले, नेले होते त्याहून पुष्कळ कमी. एकावर वडिलांनी रक्तगट खोडून दुरुस्त केला होता. एका मुलीच्या फॉर्मवर हृदय, यकृत, मूत्रपिंडं, त्वचा, हाडं, सगळ्यांवर खुणा होत्या आणि डोळ्यांपुढची जागा मात्र रिकामी. नमुन्यात तशी सोय आहे, ज्याची इच्छा तेवढ्यावरच खूण करायची. प्राध्यापकांनी तिला विचारलं, विसरलीस का? ती म्हणाली, “नाही सर. त्याच्यावर घरी दोन दिवस बोलणं चाललंय.” साक्षीदाराच्या जागी तिच्या आजीची सही होती, जरा वाकडी, पण पूर्ण नाव लिहिलेली.